पाचव्या सिंफनीचं पान आणि पेटीची पट्टी: फुल स्कोअर वाचायला कसं लागायचं

सोलापुरात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमाच्या गाण्यांचा स्टेज शो येतो. इथे मी बोलतोय तो पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि त्यातल्या सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाच पानावर एकाखाली एक छापलेल्या असतात तो फुल स्कोअर. रविवारी सकाळी आमच्या माळवदावर चार-पाच जण शिकायला बसतात. कुणी पेटी वाजवतं, कुणी कीबोर्ड, एकजण व्हायोलिन. पिआनोच्या दोन ओळी, म्हणजे ट्रेबल आणि बास क्लेफ, सगळ्यांना अडखळत का होईना वाचता येतात. तरी फुल स्कोअर समोर ठेवला की सगळे थांबतात. तुम्हीही तिथेच थांबला असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

आपण एकच स्कोअर घेऊ: बीथोव्हेनची पाचवी सिंफनी, सी मायनर. व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला ती पहिल्यांदा वाजली. ती घेण्याचं कारण असं की सुरुवात सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते, त्यामुळे डोळा चुकला तर कान लगेच सांगतो. स्कोअर imslp.org वर फुकट मिळतो. मात्र तो मोबाइलवर वाचू नका, आणि साध्या ए-फोर कागदावरही छापू नका. बारा ओळींचं पान ए-फोरवर इतकं बारीक येतं की फ्लॅट आणि नॅचरलच्या खुणा एकमेकींसारख्या दिसतात. मी नवी पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून पहिल्या भागाची सुरुवातीची पानं ए-थ्री आकारात काढून आणतो. बरोबर पेन्सिल आणि खोडरबर हवं. पेन नको, कारण पहिल्या दिवशी लिहिलेलं बरंचसं दुसऱ्या दिवशी खोडावं लागतं.

पहिलं काम बार मोजण्याचं. जुन्या छपाईत बारचे आकडे नसतील तर स्वतः घाला, दर ओळीच्या सुरुवातीला एक. या भागात एक आठवा विश्राम आणि तीन जी मिळून पहिला बार होतो. दुसऱ्या बारात लांबवलेला ई फ्लॅट आहे. तिसऱ्यात तीन एफ, आणि मग चौथा-पाचवा मिळून लांबवलेला डी. हा डी दोन बारांचा आहे हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तो एक धरला की पुढचे सगळे आकडे एकाने चुकतात आणि एकोणसाठावा बार शोधताना तुम्ही भलतीकडे पोचता.

पानावर कोण कुठे बसतं

पहिल्या पानावर वरून खाली बारा ओळी आहेत: फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, मग हॉर्न, ट्रंपेट, मग टिंपनी, आणि तळाला पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास. हे पाठ करत बसू नका. घराणी ओळखा. सर्वांत वर लाकडी फुंकवाद्यं, त्याखाली पितळी, मग चामड्याची, तळाला तारेची. प्रत्येक घराण्यात उंच आवाजाचं वाद्य वर आणि खर्जाचं खाली. पुढच्या काळातल्या मोठ्या स्कोअरमध्ये हार्प किंवा पिआनो आला तर तो टिंपनीच्या आणि तारवाद्यांच्या मधे बसतो. सोलो वाजवणाऱ्याची ओळही पहिल्या व्हायोलिनच्या डोक्यावर येते. तारवाद्यं मात्र कायम तळालाच.

उंच-खर्जाच्या नियमाला एक अपवाद लगेच दिसेल. हॉर्न ट्रंपेटपेक्षा खालच्या आवाजाचं असूनही त्याच्या वर छापतात. हॉर्न बहुतेक वेळा बॅसून-क्लॅरिनेटच्या सोबतीने, त्यांच्यात मिसळून वाजतं, म्हणून त्याला लाकडी वाद्यांच्या शेजारी जागा मिळाली, असं समजून चाला. वाचताना त्याचा फायदा होतो. मधल्या आवाजांचा भरणा बघायचा असेल तेव्हा नजर या दोन-तीन ओळींपुरती फिरवली तरी पुरते.

डाव्या कडेला एका घराण्याला धरणारा जाड कंस असतो. बार दाखवणाऱ्या उभ्या रेषाही घराण्याच्या आतल्या ओळींमधून सलग जातात आणि दोन घराण्यांच्या मधे तुटतात. गर्दीच्या पानावर ही तुटलेली जागा नजरेला फार आधार देते. डोळे किलकिले करून पान पाहिलंत तर तीन-चार गठ्ठे दिसायला हवेत.

वाद्यांची नावं बहुधा इटालियनमध्ये असतात. फागोत्ती म्हणजे बॅसून, कॉर्नी म्हणजे हॉर्न. त्रोंबे म्हणजे ट्रंपेट आणि त्रोंबोनी म्हणजे ट्रॉम्बोन, इथे घोटाळा होतो. पूर्ण नावं फक्त पहिल्या पानावर मिळतात, पुढे एक-दोन अक्षरांत संक्षेप असतो. आणि खरी गल्लत पुढच्या पानांवर होते: जे वाद्य त्या वेळी गप्प आहे त्याची ओळच छापत नाहीत. पहिल्या पानावर वरून तिसरी ओळ क्लॅरिनेटची होती म्हणून चौथ्या पानावरही तिसरी ओळ त्याचीच, असं धरता येत नाही. एकत्र वाजणाऱ्या ओळींचा एक संच म्हणजे एक थर; एका पानावर असे दोन थर असले तर त्यांच्या मधे डाव्या कडेला दोन तिरप्या जाड रेघा असतात. त्या रेघा दिसल्या की तिथून नवा थर सुरू होतो आणि डावीकडची नावं पुन्हा वाचायची. आमच्याकडे एका मुलीने दोन थरांचं पान एकच थर समजून वाचलं. पुढचे बार तिने मागच्या बारांच्या खाली एकाच वेळी वाजतात असं धरलं आणि अर्धा तास ‘यात दोन चाली का आहेत’ हे शोधत बसली.

फुंकवाद्यांच्या एका ओळीत बहुधा दोन वादक असतात. ओळीच्या वर १ चा आकडा असेल तर फक्त पहिला वाजवतो. ‘ए’ अक्षरापुढे २ असेल तर दोघं एकच स्वर वाजवतात. दोन स्वर एकावर एक असतील तर वरचा पहिल्याचा, खालचा दुसऱ्याचा.

आता वाचायला सुरुवात. पहिल्या दिवशी बारापैकी दहा ओळी झाका. अक्षरशः कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा. फक्त पहिलं व्हायोलिन आणि सर्वांत खालचा बास वाचत रेकॉर्डिंग ऐका. वरची चाल आणि खालचा पाया हातात आला की मधलं आपोआप जागेवर बसायला लागतं. दुसऱ्या दिवशी पट्टी वर सरकवून पाचही तारवाद्यं उघडी करा आणि सहाव्या बारापासून बघा. इथे चाल एका ओळीत नाही. सहाव्या बारात दुसरं व्हायोलिन तीन जी वाजवून ई फ्लॅटवर थांबतं. ते थांबलेलं असतानाच सातव्या बारात व्हायोला तीन ए फ्लॅट वाजवून जीवर जातो. मग आठव्या बारात पहिलं व्हायोलिन तीन ई फ्लॅट घेऊन सीवर येतं. कानाला ही एकच सलग चाल वाटते, पानावर ती मधली ओळ, खालची ओळ, वरची ओळ अशी उड्या मारते. पेन्सिलीने या तीन तुकड्यांना जोडणारी रेघ ओढा. ही रेघ ओढता आली म्हणजे तुम्ही स्कोअर वाचायला लागलात. एकेका वाद्याची ओळ सुटी वाचून हे कधीच दिसलं नसतं.

मधली रेषा म्हणजे मधला सी

आत्ताच व्हायोलाच्या ओळीत तुम्ही अडला असाल, कारण तिथे ट्रेबलही नाही आणि बासही नाही. तिथे सी क्लेफ आहे. या चिन्हाच्या दोन गोलाईंच्या मधोमध जी रेषा येते ती मधला सी. पेटीवर मध्य सप्तकातली पांढरी एक. क्लेफ मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेषेवर असेल तर ती आल्टो क्लेफ. व्हायोला हीच वापरतो. तेच चिन्ह एक रेषा वर, चौथ्या रेषेवर सरकलं तर टेनर क्लेफ. चेलो, बॅसून, ट्रॉम्बोन उंच जातात तेव्हा वर जादा रेषांचा ढीग होऊ नये म्हणून ती घेतात.

‘ट्रेबलसारखं वाच आणि एक स्वर पुढे कर’ अशी युक्ती पुष्कळ जण सांगतात. आल्टोसाठी ती अशी: ट्रेबलमधलं नाव वाचा, त्याच्या पुढचं अक्षर घ्या आणि सप्तक एक खाली आणा. ट्रेबलच्या मधल्या रेषेवर बी असतो, पुढचं अक्षर सी, आणि तो एक सप्तक खालचा. उत्तर बरोबर येतं. पण ही युक्ती मी फार दिवस वापरू देत नाही. तिने नाव सापडतं, पण स्वर उंच आहे की खर्जातला हे कानात उमटत नाही, आणि सप्तकाची पायरी घाईत गळते. त्याऐवजी तीन खुंट्या पक्क्या करा. मधली रेषा सी. सर्वांत वरची रेषा त्याच्या वरचा जी. सर्वांत खालची रेषा त्याच्या खालचा एफ. सातव्या बारातला व्हायोलाचा ए फ्लॅट वरच्या रेषेच्या लगेच वर बसतो, म्हणजे जीच्या पुढचा. पेटीवर काळी चार. दुसऱ्या व्हायोलिनने नुकत्याच वाजवलेल्या जीच्या अगदी शेजारची पट्टी. तुमच्या वाचनात तो बराच दूर कुठेतरी निघाला तर क्लेफ चुकली.

सरावासाठी याच सिंफनीचा दुसरा भाग उघडा. त्याच्या सुरुवातीला व्हायोला आणि चेलो एकच चाल एकत्र वाजवतात. व्हायोलाची आल्टो क्लेफमध्ये, चेलोची त्याच्या खाली बास क्लेफमध्ये. स्वर तेच, पण कागदावर वेगळ्या उंचीवर. पहिला ई फ्लॅट बास क्लेफमध्ये तिसऱ्या घरात आहे आणि आल्टोमध्ये खालच्या रेषेच्याही खाली लटकलेला. बास क्लेफ तुम्हाला येतेच, म्हणून चेलोची ओळ झाकून आधी व्हायोलाची ओळ पेटीवर वाजवा आणि मग झाकण काढून ताडून पहा. दुसऱ्या माणसाची गरज नाही, उत्तर खालच्या ओळीत छापलेलं आहे. आठ-दहा बार असे रोज केले तर आल्टो क्लेफ साधारण तीन आठवड्यांत अंगवळणी पडते, असा आमच्या माळवदावरचा अनुभव.

कागदावरचा सा आणि कानातला सा

आता ज्या गोष्टीने लोक सर्वांत जास्त गोंधळतात ती. पहिल्या पानावर सगळे तारवाद्यवाले आणि क्लॅरिनेट मिळून तीच सुरुवात वाजवतात. व्हायोलिनच्या ओळीत जी, जी, जी, ई फ्लॅट आहे. क्लॅरिनेटच्या ओळीत मात्र ए, ए, ए, एफ लिहिलंय. तारवाद्यांपुढे तीन फ्लॅट, क्लॅरिनेटपुढे एकच. आणि ऐकू येतो तो एकच स्वर. छापण्यात चूक झालेली नाही.

हे मला पुस्तकातून समजलं नव्हतं. बरीच वर्षं झाली, एका कार्यक्रमासाठी मी एक चाल पेटीवर बसवून इंग्रजी नोटेशनमध्ये लिहिली आणि वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या एका काकांना दिली. त्यांनी कागद पाहून बिनचूक वाजवलं आणि माझ्या पेटीशी काहीच जुळेना. मी म्हटलं, “काका, स्वर उतरलाय.” ते म्हणाले, “सर, कागद तुमच्या पट्टीत लिहिलाय. माझं क्लॅरिनेट काळी पाचचं आहे. मी सी धरला की तुमच्या पेटीवर काळी पाचच वाजणार.” चूक माझी होती. त्या एका वाक्यात ट्रान्सपोजिंग वाद्यांचा सगळा धडा आहे, आणि पेटीवर वाढलेल्या माणसाला तो सोपा पडतो. आपल्याला सा हलवायची सवय असते. गाणारी काळी चारला गाते, गाणारा काळी एकला, पण दोघं म्हणतात सा रे ग म.

म्हणून वाद्याच्या नावापुढे ‘इन बी फ्लॅट’, ‘इन ई फ्लॅट’, ‘इन एफ’ असं दिसलं की असं वाचा: या वाद्याने कागदावरचा सी वाजवला की त्या नावाचा स्वर ऐकू येतो. सी म्हणजे त्याचा सा, आणि पुढचं नाव म्हणजे त्याची पट्टी. बी फ्लॅटचं क्लॅरिनेट म्हणजे काळी पाच, आणि ती पांढरी एकच्या लगेच खालची, वरची नव्हे. ए म्हणजे त्याचा ध. काळी पाचला सा धरून ध वाजवा, बोट पांढरी पाचवर, म्हणजे जीवर पडेल. एफ म्हणजे त्याचा म, बोट काळी दोनवर, म्हणजे ई फ्लॅटवर. व्हायोलिनशी जुळलं.

दिशा चुकली तर लगेच कळतं. खाली जाण्याऐवजी एक स्वर वर गेलात तर ए, ए, ए चा बी, बी, बी होईल. व्हायोलिन जी वाजवत असताना बी, आणि तेही सुरुवातीच्या एकसुरी गर्जनेत. म्हणून नवीन पानावर आधी अशी जागा शोधा जिथे ट्रान्सपोजिंग वाद्य आणि व्हायोलिन किंवा ओबो एकच चाल वाजवतायत. तिथे हिशोब ताडा, मग पुढे जा.

खुणांचा एक सापळा सांगतो, कारण तो हमखास लागतो. सी मायनरमध्ये बी नॅचरल, म्हणजे शुद्ध नी, सारखा येतो. व्हायोलिनच्या ओळीत त्याच्यापुढे नॅचरलची खूण असते. क्लॅरिनेटच्या ओळीत तोच स्वर सी शार्प म्हणून लिहिलेला असतो. वरच्या ओळीत शार्प आणि खालच्या ओळीत नॅचरल पाहून ‘इथे टक्कर आहे’ असं लिहून ठेवलेले कागद मी पाहिलेत. टक्कर नाही, दोन्ही एकच पट्टी आहे. ट्रान्सपोजिंग ओळीतली खूण जशीच्या तशी उचलायची नाही. आधी लिहिलेला स्वर पूर्ण वाचायचा, मग तो अख्खा हलवायचा.

कुठल्या पट्टीचं वाद्य वर हलतं आणि कुठलं खाली, याबद्दल एवढं लक्षात ठेवा. बी फ्लॅट आणि ए चं नेहमीचं क्लॅरिनेट खाली. जुन्या स्कोअरमधलं हॉर्न जवळजवळ नेहमी खाली. हॉर्न इन एफ लिहिल्यापेक्षा पाच स्वर खाली, म्हणजे सा लिहिला की खालचा म. हॉर्न इन सीसुद्धा एक सप्तक खाली वाजतं. ट्रंपेटचं वेगळं आहे: डी, ई फ्लॅट, एफ या पट्ट्यांतलं ट्रंपेट वर हलतं. पाचव्या सिंफनीत ट्रंपेट सीमध्येच आहे, त्यामुळे जसं लिहिलंय तसंच ऐकू येतं. डबल बासला पट्टी नाही, पण तो लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. पिकोलो एक सप्तक वर. जर्मन छपाईत नुसता बी म्हणजे बी फ्लॅट, आणि शुद्ध बीला एच म्हणतात, हेही ध्यानात असू द्या. आणि विसाव्या शतकातल्या काही संगीतकारांनी, उदाहरणार्थ प्रोकोफिएव्हने, सगळी वाद्यं ऐकू येतात त्याच स्वरांत स्कोअर लिहिले. तिथे काहीच हलवायचं नसतं. क्लॅरिनेटपुढचे फ्लॅट-शार्प व्हायोलिनइतकेच असतील तर हीच शंका आधी घ्या.

एकोणसाठावा आणि तीनशे तिसरा बार

आता हॉर्नची ओळ. पहिल्या पानावर ‘कॉर्नी इन ई फ्लॅट’ आहे. जर्मन छपाई असेल तर ‘एस’ असं दिसेल. तिच्यापुढे एकही फ्लॅट नाही. हॉर्न, ट्रंपेट आणि टिंपनीला की सिग्नेचर न देण्याची त्या काळी पद्धत होती.

एकोणसाठाव्या बारावर या. बाकी सगळे गप्प होतात आणि हॉर्न एकटं जोरात हाक देतं. कागदावर आहे जी, जी, जी, मग खाली सी, मग डी, मग खालचा जी. सरगममध्ये प प प, सा, रे, खालचा प. ई फ्लॅट म्हणजे काळी दोन. पेटीवर काळी दोनला सा धरा आणि हेच वाजवा: बी फ्लॅट तीनदा, ई फ्लॅट, एफ, खालचा बी फ्लॅट. सप्तक ठरवताना लक्षात ठेवा की हॉर्न खाली हलतं. ओळीच्या डोक्यावर लिहिलेला जी ऐकू येतो तो मधल्या सीच्या वरचा बी फ्लॅट.

ज्यांना सरगमपेक्षा क्लेफ जवळची वाटते त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. हॉर्न इन ई फ्लॅटची ओळ बास क्लेफ आहे असं समजा, पुढे तीन फ्लॅट आहेत असं मनात धरा आणि एक सप्तक वर वाचा. नावं लगेच बरोबर येतात. अशीच युक्ती काळी पाचच्या क्लॅरिनेटला टेनर क्लेफने करता येते, पुन्हा एक सप्तक वर. सी क्लेफ शिकण्याचा हा दुसरा उपयोग, आणि संगीत महाविद्यालयांत त्या बारकाईने घोटून घेतात त्याचं हेही एक कारण.

आता तीनशे तिसरा बार उघडा. तीच हाक परत येते, पण आता सी मेजरमध्ये, आणि हॉर्नच्या ओळीत नाही, बॅसूनच्या ओळीत. बॅसून ट्रान्सपोज होत नाही. त्याच्या ओळीत स्वर वाचा: जी, जी, जी, सी, डी, जी. म्हणजे एकोणसाठाव्या बारात हॉर्नपुढे लिहिली होती तीच अक्षरं. फक्त तिथे पट्टी काळी दोन होती, इथे पांढरी एक. दोन्ही ठिकाणी प प प सा रे प. नुसतं अक्षर वाचणाऱ्याला दोन्ही जागा एकच वाटतील आणि तो म्हणेल सूर बदललाच नाही. पट्टी पाहणाऱ्याला बीथोव्हेनने काय केलं ते दिसेल.

बॅसूनला का दिलं, याचं उत्तरही पट्टीतच आहे. त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते. नळीची लांबी ठरली की फुंकरीने ठरावीकच स्वर मोकळे निघत. या भागात वादकांच्या हातात ई फ्लॅटची नळी आहे. त्या नळीवर कागदावरचे सी, डी, ई, जी, म्हणजे सा रे ग प, स्वच्छ मिळतात, आणि एकोणसाठाव्या बाराची हाक नेमकी याच स्वरांची आहे. तीच हाक सी मेजरमध्ये याच नळीवर वाजवायची तर कागदावर ई, ई, ई, ए, बी, ई लिहावं लागलं असतं, आणि त्यातले ए आणि बी मोकळे निघत नाहीत. वाद्याच्या तोंडात हात घालून ते काढता येतात, पण आवाज दबतो, आणि ही तर खुल्या आवाजाची हाक. आजच्या हॉर्नला व्हॉल्व्ह आहेत, म्हणून काही कंडक्टर इथे बॅसूनऐवजी हॉर्नला वाजवायला लावतात. तुम्ही ऐकताय ते रेकॉर्डिंग कुठलं, हे आता तुम्हाला स्कोअर हातात घेऊन सांगता येईल. आमच्या माळवदावर यावरून वाद झाला होता. मला स्वतःला बॅसूनच हवा. त्याचा आवाज हॉर्नहून बारीक आहे, आणि आधी ऐकलेली हाक परत आली तरी तशीच आलेली नाही, हे त्यातून कळतं.

शेवटची एक सवय. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला डाव्या कडेला, ट्रान्सपोजिंग ओळीच्या नावाशेजारी, पेन्सिलीने पट्टी लिहा. पहिल्या भागात क्लॅरिनेटपुढे ‘का. ५’, हॉर्नपुढे ‘का. २’. दुसऱ्या भागात हॉर्न सीमध्ये जातं, तेव्हा ‘पां. १, सप्तक खाली’. तिसऱ्यात ते पुन्हा काळी दोनवर येतं. चौथा भाग उघडला की ओळी वाढलेल्या दिसतील, कारण पिकोलो, कॉन्ट्राबॅसून आणि तीन ट्रॉम्बोन आत आलेत. आल्टो ट्रॉम्बोन आल्टो क्लेफमध्ये, टेनर ट्रॉम्बोन टेनरमध्ये, बास ट्रॉम्बोन बास क्लेफमध्ये. क्लॅरिनेट आता सीमध्ये आहे, हॉर्नही सीमध्ये. मागच्या भागाची ‘का. ५’ची चिठ्ठी डोक्यात राहिली तर क्लॅरिनेटचा पहिलाच सूर एक स्वर खाली वाचला जाईल आणि ओबोशी जुळणार नाही. तिथे थांबा, डावीकडचं नाव वाचा, आणि ‘पां. १’ लिहून मग पुढे चला.